मॅनहॅटनमधलं पाणी

परवा एका मित्राकडे बर्फाशिवाय केलेलं मॅनहॅटन हे कॉकटेल प्यायलो. राय व्हिस्की, वनस्पतींचा अर्क असलेली गोड व्हर्मूथ वाइन आणि बिटर्स हा कडू अर्क एका बाटलीत भरून त्याने ती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली होती. "बर्फ घातला की पाणी होतं आणि चव मरते," असं त्याचं म्हणणं. पेय गार होतं, पण पहिल्याच घोटाला घसा जळला आणि व्हर्मूथमधल्या वनस्पतींचा वास कुठेच लागेना. पाणी म्हणजे भेसळ, हा समज आपल्याकडे पक्का आहे. मॅनहॅटनमध्ये मात्र पाणी हा चौथा घटक आहे, आणि तो किती पडणार हे ढवळण्यावर ठरतं.

कृती छोटी आहे. ६० मिली राय, ३० मिली गोड व्हर्मूथ आणि अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिंतोडे. रायऐवजी बर्बन ही मुख्यतः मक्याची व्हिस्की घेतली तर पेय गोडसर होतं. रायचा तिखटपणा व्हर्मूथच्या गोडीला आवर घालतो, म्हणून मला रायच आवडते.

आता बर्फाकडे वळू. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा आठवा: शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना तापमान न बदलता ८० कॅलरी उष्णता शोषतो. आपलं ९० मिली मिश्रण साधारण ८६ ग्रॅम भरतं. ते २५ अंशांवरून उणे ४ पर्यंत न्यायचं, म्हणजे २९ अंश. दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे एक कॅलरी धरली तर जवळजवळ २५०० कॅलरी काढाव्या लागतील. भागिले ८०, म्हणजे ३१ ग्रॅम बर्फ वितळायलाच हवा. पेय १२० मिलीच्या आसपास जातं आणि राय ५० टक्क्यांची असेल तर मद्यार्क ३९ टक्क्यांवरून २९ वर येतो. शून्य अंशाच्या बर्फाने गारवा मिळवायचा तर तेवढं पाणी पडणारच.

पण शून्य अंशाचा बर्फ पेयाला उणे ४ पर्यंत नेतो कसा? मला या पेयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच. बर्फाच्या पृष्ठभागावर सतत देवघेव चालू असते. काही रेणू बर्फातून सुटून द्रवात येतात, द्रवातले काही परत बर्फाला चिकटतात. शुद्ध पाण्यात शून्य अंशाला दोन्ही बाजू सारख्या असतात. द्रवात मद्यार्क असेल तर पृष्ठभागाशी पाण्याचे रेणू कमी पोचतात, त्यामुळे चिकटणारे घटतात आणि सुटणारे तेवढेच राहतात. म्हणून शून्याखालीही बर्फ वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो भोवतालच्या पेयातून ओढून घेतो. कुल्फीच्या मडक्यात बर्फावर मीठ टाकतात, तिथेही हेच घडतं. जसजसं पेय गार आणि पातळ होतं तसतशी ही घाई मंदावते, आणि मग आणखी ढवळून फारसं काही बदलत नाही.

म्हणून ढवळताना बर्फ भरपूर हवा, द्रवाच्या पातळीच्या वर येईल इतका. बर्फ ओला असेल तर आधी झटकून घ्या, कारण त्याला चिकटलेलं पाणी वितळण्याचं काम आधीच करून बसलेलं असतं: ते पेय पातळ करतं, गार करत नाही. बारच्या लांब चमच्याची पाठ भांड्याच्या काचेला टेकवून फिरवा, म्हणजे सगळा बर्फ एकसंध फिरतो. खडखड आवाज येत असेल तर चमचा मध्यातून चालला आहे. साधारण ३० सेकंद पुरतात. बर्फाचे खडे फार मोठे असतील तर पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून थोडं जास्त ढवळावं.

शेकरमध्ये हलवलं तर व्हिस्की 'दुखावते', असं बरेच जण सांगतात. त्याला काही आधार नाही. हलवल्याने हवेचे बुडबुडे आणि बर्फाचे बारीक तुकडे शिरतात, पेय गढूळ आणि फेसाळ होतं, एवढंच. चर्चिलच्या आईने १८७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबात एका मेजवानीसाठी हे पेय करवून घेतलं, ही कथाही अशीच. त्या वर्षाअखेरीस तिने चर्चिलला जन्म दिला तो इंग्लंडमध्ये.

मे महिन्यातल्या मुंबईत बाटली ३५ अंशांवर असते. वरचाच हिशेब केला तर आणखी १० ते ११ ग्रॅम बर्फ वितळेल आणि पेय बेचव लागेल. तेव्हा व्हिस्की, भांडं आणि ग्लास थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेलं व्हर्मूथ तर कायम तिथेच हवं, कारण ती वाइन आहे आणि बाहेर ठेवली की महिन्याभरात शिळी होते.

मित्राच्या बाटलीत आम्ही शेवटी दर ९० मिलीमागे ३० मिली गार पाणी घातलं. व्हर्मूथचा वास लगेच वर आला.