एकाच सुईच्या दोन सुया, त्याही संध्याकाळीच

समजा, पंचेचाळिशीतले एक शिंपीकाका आहेत. सकाळी सुईत दोरा झटक्यात ओवतात. दुपारी चारनंतर मात्र त्यांना सुया दोन दिसू लागतात आणि खरी कुठली ते कळत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा केला, तरी दोन सुया दोनच राहिल्या.

अशा वेळी डॉक्टर सर्वांत आधी एक डोळा झाकायला सांगतात. एक डोळा झाकूनही दोन दिसत असेल, तर गडबड त्या उघड्या डोळ्यातच असते. मोतीबिंदू, कोरडेपणा किंवा बुबुळाचा आकार बिघडल्याने तसं होतं. कुठलाही एक डोळा झाकला की दुसरी सुई नाहीशी होत असेल, तर दोन्ही डोळे आपापल्या परीने ठीक पाहतात, पण त्यांची दिशा जुळत नाही. ही तपासणी घरीही होते, आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसा तीन: मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी. नसेचं दुखणं बहुधा एका दिशेला चिकटलेलं असतं. डोळा कानाकडे वळवणारी सहावी नस दुबळी झाली, तर दोन प्रतिमा शेजारीशेजारी दिसतात आणि दूरवर किंवा त्या बाजूला पाहताना आणखी फाकतात. मधुमेह्यांमध्ये बारीक रक्तवाहिनी बंद पडून हे एका सकाळी अचानक होतं आणि बहुतेकदा तीनेक महिन्यांत आपोआप भरून येतं. चौथी नस गेली की प्रतिमा वर-खाली होतात आणि जिना उतरताना पाऊल चुकतं. पण नसेच्या दुखण्यात सकाळ-संध्याकाळचा असा फरक सहसा पडत नाही. काकांचं तसं नव्हतं. कधी सुया शेजारी, कधी वर-खाली. आणि झोप झाली की सगळं ठीक.

नुसत्या थकव्यानेही असं होऊ शकतं. काहींच्या डोळ्यांत लहानपणापासून थोडा तिरळेपणा दडलेला असतो. मेंदू तो सावरून धरतो आणि दमल्यावर पकड सुटते. त्यामुळे ‘दमलात, दुसरं काय’ असं म्हणून काकांना घरी पाठवणं सोपं होतं. ते चुकीचं ठरलं असतं, कारण त्यांची डावी पापणीही संध्याकाळी खाली येत होती. दडलेल्या तिरळेपणात पापणी पडत नाही.

मग डॉक्टरांनी त्यांना छताकडे टक लावून पाहायला सांगितलं. मिनिटभरातच पापणी आणखी घसरली. त्यानंतर हातमोज्यात बर्फ भरून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. बर्फ काढल्यावर पापणी तीन मिलिमीटर वर होती. दोन मिलिमीटर किंवा जास्त फरक पडला, तर चाचणी सकारात्मक धरतात.

बर्फाने असं का व्हावं? नस स्नायूला अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून निरोप धाडते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात शरीराचीच प्रतिद्रव्यं निरोप घेणाऱ्या जागांवर हल्ला करतात. पहिले काही निरोप पोचतात, पुढचे अपुरे पडतात; म्हणून वापराबरोबर स्नायू दुबळा होतो. हे रसायन मोडणारं एन्झाइम गारव्यात मंदावतं आणि उरलेल्या जागांना ते जास्त वेळ मिळतं. परिणाम काही मिनिटांपुरताच, पण निदानाची दिशा दाखवायला पुरेसा.

यापुढे रक्तातली प्रतिद्रव्यं तपासतात. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल, तर सुमारे निम्म्याच रुग्णांत ती सापडतात, म्हणून कोरा अहवाल आला तरी संशय संपत नाही. या आजारासोबत कधीकधी छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असते, ती सीटी स्कॅनमध्ये शोधतात. काकांना तेच एन्झाइम रोखणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू झाल्या. गिळताना ठसका लागला किंवा दम लागला तर लगेच या, असंही बजावलं, कारण हा आजार पुढे घसा आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकतो. काही अँटिबायोटिक्सनी तो बळावतो, म्हणून सर्दी-तापाच्या डॉक्टरांनाही या आजाराचं नाव सांगायला हवं.

मायस्थेनियात डोळ्याची बाहुली कधीच बिघडत नाही, हे डॉक्टर आवर्जून पाहतात. पापणी पडलेली, दोन दिसतंय आणि त्याच डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी, असं असेल तर पापणी उचलणाऱ्या आणि बाहुली आवळणाऱ्या तिसऱ्या नसेवर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा दाबत असू शकतो. तो फुटण्याआधी सापडायला हवा, म्हणून त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचा स्कॅन करावा लागतो. तिथे बर्फात वेळ घालवायचा नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणत उठतो, दोन्ही पापण्या पडतात, दोन दोन दिसतं आणि अंगावर चाव्याची खूणही नसते. मण्यारीचं विष नस आणि स्नायूच्या याच सांध्यावर घाव घालतं, फक्त महिन्यांऐवजी तासांत. अशा माणसाला संध्याकाळपर्यंत थांबवायचं नसतं. प्रतिविष आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यायचं असतं.