सांकेतिक भाषेचे प्रमाणपत्र आणि दुभाषकाची पात्रता: नाशिकच्या शिक्षकांनी व कुटुंबीयांनी कोणते कागद कशासाठी मिळवावेत

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवणारी शिक्षिका आणि कर्णबधिर भावाबरोबर वाढलेली बहीण या दोघींनाही कधी ना कधी एकच प्रश्न विचारला जातो : ‘तुमच्याकडे साइन लँग्वेजचे सर्टिफिकेट आहे का?’ प्रश्न एक असला तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा शिकल्याचे प्रमाणपत्र. दुसरी म्हणजे दोन माणसांच्या मधे उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याची, म्हणजे दुभाषकाची, पात्रता. पहिले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हाती येऊ शकते, दुसरीला पूर्ण पदविका लागते. पहिल्याच्या बळावर दुसरीचे काम अंगावर घेतले की अडचण सुरू होते.

पुनर्वसन क्षेत्रातील अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. दुभाषकासाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा दुभाषण पदविका, जिला या क्षेत्रातले लोक नुसते ‘डिस्ली’ म्हणतात. बारावी उत्तीर्ण ऐकणारी व्यक्ती तिच्यासाठी अर्ज करू शकते आणि हा प्रत्यक्ष हजेरीचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदविका मिळाल्यावर परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवता येते. हा नोंदणी क्रमांक, ज्याला सगळे ‘सी.आर.आर. नंबर’ म्हणतात, पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावा लागतो. भाषा शिकल्याचे प्रमाणपत्र कोणाचेही असले, तरी त्यावरून दुभाषक म्हणून हा क्रमांक मिळत नाही.

येथे शिक्षकांचा एक हमखास गोंधळ होतो. बी.एड. किंवा डी.एड. विशेष शिक्षण, श्रवणदोष या शाखेतून केलेल्या शिक्षिकेकडे परिषदेचा नोंदणी क्रमांक आधीपासूनच असतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने ही पदवी घेतलेले अनेक शिक्षक जिल्ह्यात काम करत आहेत. क्रमांक त्याच परिषदेचा असल्यामुळे आपण दुभाषकही आहोत, असे त्यांना आणि त्यांच्या संस्थाचालकांना वाटू लागते. प्रत्यक्षात ती नोंदणी विशेष शिक्षक म्हणून असते. त्या पदवीच्या अभ्यासात सांकेतिक भाषेची ओळख असते, पण उच्चारसुधारणा, श्रवणयंत्र, अवशिष्ट श्रवणशक्तीचा वापर आणि विषय शिकवण्याच्या पद्धती यांचा वाटा मोठा असतो. शिवाय वर्गात बरेच शिक्षक मराठी वाक्यातला एकेक शब्द त्याच क्रमाने खुणांत मांडतात. ती खुणांची मराठी झाली. भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतःचे व्याकरण आहे : प्रश्नाचा शब्द आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, भुवया आणि मानेची हालचाल अर्थ बदलते. वर्गातल्या सरावलेल्या मुलांना खुणांची मराठी समजते, परंतु त्या शाळेबाहेरच्या प्रौढ कर्णबधिर माणसाला ती बऱ्याचदा अर्धवटच कळते.

दुसरा सापळा अभ्यासक्रमाच्या नावातच आहे. भारतीय सांकेतिक भाषा अध्यापन पदविका असा आणखी एक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असून, शिक्षकाने तो नावावरून आपलाच समजणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र तो कर्णबधिर उमेदवारांसाठी आहे, कारण ही भाषा शिकवण्याचे काम ती जगणाऱ्यांनी करावे हा त्यामागचा विचार आहे, आणि माझ्या मते तो योग्यच आहे.

फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो परीक्षेत. प्राथमिक भाषावर्गाच्या शेवटी शिकवलेल्या खुणा ओळखणे, स्वतःची ओळख करून देणे, घर, वेळ, कुटुंब अशा विषयांवर थोडे बोलणे, एवढे तपासले जाते. अशा ठिकाणी बोलणारा आणि ऐकणारा हे दोघेच असतात आणि काही चुकले तर पुन्हा विचारता येते. पदविकेची परीक्षा परिषदेशी संलग्न राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते. तिच्या लेखी भागात सांकेतिक भाषेची रचना, कर्णबधिर समाज आणि दुभाषकाची आचारसंहिता असे विषय असतात, तर प्रात्यक्षिकात दोन्ही दिशांचे काम पाहिले जाते : बोललेले खुणांत मांडणे आणि खुणांत सांगितलेले बोलून दाखवणे, कधी वक्ता थांबल्यावर, तर कधी तो बोलत असतानाच.

ऐकणाऱ्या बहुतेकांची दमछाक होते ती दुसऱ्या दिशेत. समजा, द्वारका चौकातल्या अपघाताचा साक्षीदार असलेला एक कर्णबधिर तरुण सांगतो आहे. त्याच्या खुणांचा क्रम साधारण असा येतो : ‘ट्रक, दुचाकी, धडक, मी, पाहणे, नाही. दुचाकी पडणे, झाले, मग मी वळणे, पाहणे.’ त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा की धडक झाली ती त्याने पाहिली नाही, दुचाकी पडल्यानंतर वळून पाहिले. जिला फक्त भाषेचा वर्ग ठाऊक आहे ती व्यक्ती ‘पाहणे’ ही खूण दिसताच ‘ट्रकने दुचाकीला धडक दिलेली मी पाहिली’ असे बोलून मोकळी होते. पुढच्या क्षणी नकार येतो, कित्येकदा तर केवळ मान हलवण्यातून, आणि तोवर वाक्य हवेत गेलेले असते. प्रशिक्षित दुभाषक मुद्दाम काही क्षण मागे राहतो, वाक्य पूर्ण होऊ देतो आणि मगच ‘मी’ म्हणून प्रथमपुरुषात बोलतो, ‘तो असे म्हणतोय’ अशी भर घालत नाही. परीक्षक नेमके हेच पाहतात : काही गळले का, स्वतःचे काही घातले का, नकार आणि कर्ता जागेवर राहिले का, आणि न समजल्यास अंदाज न करता थांबवून विचारले का. खुणांचा साठा कितीही मोठा असला तरी हा वेळेचा अंदाज वेगळ्या सरावाने येतो.

याच प्रसंगात कायदा काय म्हणतो, हेही पाहण्यासारखे आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 125 नुसार, साक्षीदार तोंडी बोलू शकत नसेल तर न्यायालयाने दुभाषकाची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आहे आणि त्या जबाबाचे चित्रीकरण करायचे आहे. म्हणजे विशेष शिक्षिकेचा नोंदणी क्रमांक येथे खरोखर उपयोगी पडतो, ती दुभाषक नसली तरीही. पण मुलाखत, बँकेतील व्यवहार, रुग्णालयातील संमतिपत्र किंवा महाविद्यालयातील व्याख्यान अशा ठिकाणी संस्थेने ‘दुभाषक’ मागितला असेल तर विशेष शिक्षकाची नोंदणी त्या मागणीचे उत्तर ठरत नाही. बहिणीची स्थिती याहून नाजूक असते. भावाच्या घरगुती खुणा तिच्याइतक्या कोणालाच कळत नाहीत, आणि बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे कलम 38 तर अपंग मुलाची संवादपद्धती जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची मुभा स्पष्टपणे देते. तरीही ती नातेवाईक असल्यामुळे समोरचा वकील तिच्या तटस्थतेवर बोट ठेवणारच. शपथ घेऊन दुभाषण करायचे तर ज्याच्यासाठी बोलायचे तो आपला कोणी लागत नाही असे वागता आले पाहिजे, आणि बहिणीकडून ती अपेक्षा ठेवणे मला फारसे न्याय्य वाटत नाही.

अशा बहिणीसाठी पदविकेखेरीज आणखी एक वाट आहे. कर्णबधिर प्रौढांची ऐकणारी मुले आणि भावंडे, ज्यांना अनुक्रमे ‘कोडा’ आणि ‘सोडा’ म्हणतात, यांना लहानपणापासून भाषा अवगत असते हे लक्षात घेऊन त्यांच्यासाठी स्वतंत्र क्षमता-परीक्षा घेतली जाते. तिची सूचना दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या islrtc.nic.in या संकेतस्थळावर येते. कर्णबधिर मुलाची आई किंवा वडील मात्र या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यांनी ही भाषा मोठेपणी शिकलेली असते. त्यांच्यासाठी, आणि वर्गात मुलांशी नीट बोलता यावे एवढीच गरज असलेल्या शिक्षकांसाठी, पदविकेचा हट्ट धरण्याचे कारण नाही. 2015 मध्ये स्थापन झालेले हेच केंद्र पालक व शिक्षकांसाठी प्राथमिक ऑनलाइन वर्ग घेते, आणि घरबसल्या स्वतः शिकण्याचा मोफत अभ्यासक्रमही त्याने खुला केला आहे. केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोशही चित्रफितींच्या रूपात मोफत पाहता येतो. हे शिक्षण खरे आणि उपयोगी आहे, फक्त ते दुभाषकाचा परवाना नाही.

पदविका करायचीच असेल तर नाशिककरांना जवळची राष्ट्रीय संस्था म्हणजे मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील, 1983 साली सुरू झालेली अली यावर जंग संस्था. पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन दोन वर्षे काढण्याचा बेत अनेकांच्या मनात येतो. प्रात्यक्षिके आणि कर्णबधिर समाजात वावरण्याच्या तासांमुळे तो टिकणे कठीण असते, म्हणून राहण्याची सोय आधी पाहावी. संस्था कोणतीही निवडली तरी मान्यता संस्थेच्या नावाला नसते. ती विशिष्ट केंद्रातल्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, विशिष्ट मुदतीसाठी असते. त्यामुळे rehabcouncil.nic.in वरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत राज्य निवडून तीन गोष्टी ताडून पाहाव्यात : संस्थेचा पत्ता तोच आहे का, पुढे लिहिलेला अभ्यासक्रम श्रवणदोषाचा बी.एड. नसून दुभाषण पदविकाच आहे का, आणि मान्यता आपल्या प्रवेशाच्या सत्राला पुरते का.

कॉलेज रोड किंवा सिडकोतल्या एखाद्या वर्गाच्या फलकावर ‘सरकारमान्य’ असे लिहिलेले असेल तर ती मान्यता कोणाची, एवढेच विचारावे. धर्मादाय आयुक्तांकडील न्यासनोंदणी, उद्यम-नोंदणी किंवा आय.एस.ओ. प्रमाणपत्र यांपैकी कशाचाही दुभाषकाच्या पात्रतेशी संबंध नाही. संपूर्ण पदविका ऑनलाइन देतो असे कोणी सांगितले, किंवा परीक्षा ‘आमची आम्हीच घेतो’ असे उत्तर आले, तर पुढे चौकशी करण्याची गरज उरत नाही. तशा वर्गात शिकवणारी व्यक्ती कर्णबधिर आणि भाषेत मुरलेली असेल तर सरावासाठी तेथे जरूर जावे, पण शुल्क भाषावर्गाचे आहे एवढे ठरवूनच द्यावे.