खनिजांचा तक्ता, खडकांचे चक्र आणि साताऱ्याचा काळा पाषाण : पार्श्वभूमी

भूविज्ञानाच्या प्रात्यक्षिक वहीत दोन तक्ते बहुधा लागोपाठच्या पानांवर येतात. एकात खनिजांचे रंग, चमक, कस म्हणजे पुडीचा रंग, कठिनता आणि पाटन म्हणजे ठरावीक दिशेने सपाट फुटणे हे गुणधर्म असतात, तर दुसऱ्यात अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित खडक बाणांनी एकमेकांना जोडलेले असतात. मात्र हे दोन तक्ते परस्परविरोधी विचारांच्या दोन परंपरांतून आलेले आहेत. त्या परंपरांमधील वादाचा मुख्य विषय बेसाल्ट, म्हणजे अजिंक्यताऱ्यापासून सज्जनगडापर्यंत सगळीकडे दिसणारा काळा पाषाण होता.

पहिल्या तक्त्याचा पाया पुढे जर्मनीतील फ्रायबर्ग येथे शिकवणारे अब्राहम गॉटलोप व्हेर्नर यांनी १७७४ मध्ये घातला. तोवर एकाच खनिजाचे वर्णन प्रत्येक खाणीत वेगळ्या शब्दांत होत असे. डोळ्यांना दिसणारी आणि हाताला जाणवणारी बाह्य लक्षणे ठरावीक शब्दांत आणि ठरावीक क्रमाने नोंदवावीत, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. त्यांचेच विद्यार्थी फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये कठिनतेसाठी दहा खनिजांची श्रेणी मांडली. तिच्यातील आकडे केवळ क्रम सांगतात. कॅल्साइटची कठिनता ३ आणि क्वार्ट्झची ७ असली, तरी त्यावरून क्वार्ट्झ किती पट कठीण हे कळत नाही. ते कॅल्साइटवर ओरखडा पाडते, इतकेच कळते.

हा तक्ता कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अपुरा पडतो, हे साताऱ्याच्या खडकातच नीट पाहता येते. विहीर खोदताना किंवा दगडखाणीत बेसाल्टच्या पोकळ्यांमधून पांढरी, चकचकीत खनिजे निघतात आणि लोक त्यांतील बहुतेकांना सरसकट गारगोटी म्हणतात. येथे रंगाचा रकाना निरुपयोगी ठरतो आणि कसाचाही, कारण यांतील कोणत्याही खनिजाची पूड पांढरीच असते. म्हणून सुरुवात पोलादी चाकूने करावी. चाकूची कठिनता साधारण साडेपाच असल्याने क्वार्ट्झवर ओरखडा उठत नाही. उलट पात्याचाच धातू घासला जाऊन त्यावर करडी रेघ उमटते आणि नवखा विद्यार्थी तिलाच ओरखडा समजतो. ओल्या बोटाने पुसून पाहावे. रेघ गेली आणि खाली खाच नसली, तर तो ओरखडा नव्हे. चाकूने ओरखडा उठला, तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. कॅल्साइट लगेच फसफसते आणि फोडल्यास तीन दिशांनी तिरक्या, गुळगुळीत तुकड्यांत फुटते. मात्र झिओलाइटवर, म्हणजे स्टिल्बाइटसारख्या पोकळ्यांतील खनिजावर, कॅल्साइटचे पातळ पुट असले तरीही आम्ल फसफसते, म्हणून ही कसोटी ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावरच घ्यावी. आम्ल शांत राहिले, तर मुख्यतः उरतात स्टिल्बाइट आणि ॲपोफायलाइट. दोन्हींना मोत्यासारखी चमक असते आणि दोन्हींचे पाटन एकाच दिशेने उत्तम असते, त्यामुळे घोटाळा इथेच सर्वाधिक होतो. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्यभागी बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात आणि त्याची कठिनता चारच्या आत असते. ॲपोफायलाइटचे स्फटिक चौकोनी, ठोकळ्यासारखे असतात आणि त्याची कठिनता साडेचार ते पाच असते. कठिनता चारची असलेले फ्लोराइट हाताशी असेल, तर ते ॲपोफायलाइटवर ओरखडा पाडू शकत नाही आणि निर्णय सोपा होतो. स्टिल्बाइट आणि त्याच्यासारखेच दुसरे झिओलाइट ह्यूलँडाइट यांच्या बाबतीत मात्र स्फटिकांचा आकार मोडलेला असेल, तर हातातल्या तुकड्यावरून खात्रीने सांगणे कठीणच आहे. तेथे क्ष-किरण परीक्षणाकडे वळावे लागते.

दुसऱ्या तक्त्यामागचा विचार एडिंबरोच्या जेम्स हटन यांचा. डोंगर झिजतात, गाळ समुद्रतळाशी साचतो, खोलवरच्या उष्णतेने तो घट्ट होऊन वर उचलला जातो आणि पुन्हा झिजू लागतो, हा सिद्धांत त्यांनी १७८५ मध्ये मांडला. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट हे वितळलेल्या द्रव्यापासून बनले, असे त्यांचे मत होते. व्हेर्नर यांच्या मते मात्र बेसाल्ट प्राचीन समुद्राच्या पाण्यातून साचला होता. द्रव्य वितळले असते तर त्याची काच झाली असती, हा हटन यांच्यावरील वजनदार आक्षेप होता. त्यांचे मित्र जेम्स हॉल यांनी बेसाल्टच्या जातीचा दगड भट्टीत वितळवून तो चटकन निववला तेव्हा काच मिळाली आणि सावकाश निववला तेव्हा पुन्हा स्फटिकमय दगड मिळाला. माझ्या मते प्रात्यक्षिकात पोताचा, म्हणजे खडकातील कणांच्या आकाराचा आणि मांडणीचा, रकाना शिकवताना हा प्रयोग सांगायलाच हवा, कारण त्या रकान्याचा सगळा अर्थ निवण्याच्या वेगात आहे.

दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, म्हणजे त्याच्या बाबतीत हटन बरोबर ठरतात. पोकळ्यांमधील झिओलाइट आणि कॅल्साइट मात्र नंतर खडकात मुरलेल्या पाण्यातून साचले. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन भागांची उत्पत्ती वेगवेगळी नोंदवावी लागते. चक्राचे सगळेच बाण जिल्ह्यात दिसत नाहीत. झीज आणि गाळ कृष्णेच्या काठी दिसतात, पण रूपांतरित खडकांसाठी सिंधुदुर्गासारख्या दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते. पाचगणीच्या पठारावरील जांभाही तीन खडकांच्या चौकटीत नीट बसत नाही. तो बेसाल्टमधील सिलिका आणि चुना पाण्याने वाहून गेल्यावर जागीच उरलेला लोह व ॲल्युमिनियमयुक्त अवशेष आहे. त्यामुळे तक्त्यात त्याची नोंद रूपांतरित खडकांखाली न करता अपक्षयाच्या बाणावर करावी.