बदाम भिजवून, सोलून की तसेच?
(आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सोलापूर)

बदाम तोलताना आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न भावाचा नसतो. "रात्री भिजवून, साल काढून खाल्ले तरच अंगी लागतात ना?" असं विचारलं जातं. उत्तर काउंटरवर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हे पत्रक.

भिजवल्यावर बदामाच्या आत काय होतं ते आधी पाहू. सहा-आठ तासांत बदाम पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो आणि त्याची साल सैल होते. एवढंच घडतं. त्यातली प्रथिनं, तेल, ई जीवनसत्त्व, कॅल्शियम वाढत नाहीत. वजन वाढलेलं दिसतं, पण ते पाण्याचं. म्हणून बदाम नेहमी नग मोजून खावेत. भिजलेले बदाम तोलून हिशोब करू नये.

मग "भिजवल्याने पोषण मिळतं" हे आलं कुठून? धान्य, कडधान्य, तेलबिया या सगळ्यांत फायटिक आम्ल असतं. ते लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवतं आणि शरीराला पुरतं मिळू देत नाही. मटकी भिजवून मोड आणले की ते कमी होतं, कारण मोड येताना ते फोडणारं एन्झाइम कामाला लागतं. तोच नियम लोकांनी बदामाला लावला. पण न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी बदाम, अक्रोड वगैरे भिजवून २०२० मध्ये मोजमाप प्रसिद्ध केलं, तेव्हा फायटिक आम्लात सांगण्यासारखी घट दिसली नाही. उलट तुकडे करून भिजवलेल्यांतली थोडी खनिजं पाण्यात गेली. त्याच विद्यापीठाने त्याआधी माणसांना भिजवलेले आणि न भिजवलेले बदाम खायला देऊन पोटाचा त्रास तपासला होता. त्यातही भिजवलेल्यांचा वेगळा फायदा आढळला नाही.

याचा अर्थ भिजवणं फुकट, असा नाही. दातांसाठी ते फार कामाचं आहे. बदामातलं तेल बारीक पेशींमध्ये बंद असतं, आणि पेशी फुटली तरच ते आतड्याला मिळतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला साधारण १२९ कॅलरी मिळतात, तर ठरलेल्या गणिताने त्या १७० च्या आसपास यायला हव्यात. उरलेलं तेल न पचता बाहेर जातं. तेव्हा अंगी लागायचा प्रश्न मुख्यतः चावण्याचा आहे. ज्यांचे दात हलतात किंवा कवळी आहे त्या आजी-आजोबांनी भिजवून खावेत, किंवा सरळ पूड करून दुधात घालावी. दात मजबूत असतील तर कोरडे बदाम नीट चावून खाल्ले तरी काही बिघडत नाही.

सालीचं काय?

साल विषारी असते, पचनाला अडथळा करते, हे आम्हीही लहानपणापासून ऐकलेलं आहे. सालीत टॅनिन असतं हे खरं, त्यामुळेच ती तुरट लागते. पण दहा बदामांच्या साली मिळून जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम भरतात, आणि एवढ्या टॅनिनने जेवणातलं लोह वाया जाईल अशी काळजी नको. उलट बदामातली बहुतेक पॉलिफिनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट गुणाची द्रव्यं, या सालीतच असतात. सोलल्याने नुकसान किती होतं तेही मोजून सांगतो: सालीसकट दहा बदामांत सुमारे दीड ग्रॅम तंतू मिळतात, सोललेल्या दहात सव्वा ग्रॅमच्या आत. ई जीवनसत्त्वात फरक नगण्य. आम्ही स्वतः सालीसकट खातो. तुरट चव आवडत नसेल किंवा साल घशात चिकटत असेल तर खुशाल सोला. घाईत असाल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून गार पाण्यात काढा, साल चिमटीत निघते.

अक्रोडाची कडवट पातळ साल मात्र काढायच्या भानगडीत पडू नका. तीही चांगलीच आहे, आणि सहज निघतही नाही.

बेदाणे आणि अंजीर

यांचा हिशोब वेगळा. हे साखरेचे, ते तेलाचे. बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, अंजिरात साधारण निम्मी. भिजवल्यावर त्यातली काही साखर आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून पाणी टाकायचं असेल तर ते जातं आणि प्यायलात तर साखरही पोटात जाते. आपल्या जिल्ह्यातले आणि सांगली-तासगावचे हिरवट-पिवळे बेदाणे बहुतेक वेळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेले असतात, त्यामुळे आधी एकदा धुऊन ते पाणी टाकावं आणि मग भिजवावेत. गंधकाने दम लागतो अशांनी धुरी न दिलेले काळे-तपकिरी बेदाणे मागावेत.

रोज किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात सुका मेवा आणि तेलबिया मिळून ३५ ग्रॅम धरलेत. आता सोलापूरकराने इथे एक गोष्ट विसरू नये: शेंगदाणेही यातच येतात. जुळे सोलापुरातल्या एका काकूंचं उदाहरण घ्या. त्यांच्याकडे भाकरीबरोबर रोज दोन मोठे चमचे शेंगा चटणी असतेच. ते झाले सुमारे १५ ग्रॅम. उरले २०. त्यात दहा बदाम, म्हणजे १२ ग्रॅम, आणि अक्रोडाचे चार अर्धे तुकडे, साधारण ८ ग्रॅम. ताट भरलं. त्यावर मूठभर काजू म्हणजे नुसती भर. ज्या दिवशी चटणी नसेल त्या दिवशी बदाम पंधरा-वीस करा. बेदाणे या हिशोबात नाहीत, ते फळाच्या जागी धरा. वीस बेदाणे म्हणजे दहाएक ग्रॅम आणि त्यात सहा-सात ग्रॅम साखर. मधुमेह असेल तर तेवढ्यावरच थांबा आणि सकाळी रिकाम्या पोटी नको.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा बदाम देऊ नका, भिजवलेलाही नाही. तो घशात अडकू शकतो, म्हणून पूडच द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. आणि ज्यांना मेव्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना भिजवल्याने किंवा सोलल्याने काहीही सूट मिळत नाही.

सोलापूरचा उन्हाळा

भिजवण्याची सवय इथे एप्रिल-मेमध्ये अंगलट येते. चाळिशीच्या वर पारा असताना ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या वाटीत पाणी फेसाळतं, बुळबुळीत होतं, आंबूस वास येतो. असे बदाम धुऊन खायचे नाहीत, टाकून द्यायचे. या दिवसांत वाटी झाकून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी पाणी टाका आणि भिजवलेले त्याच दिवशी संपवा. आठवड्याचे एकदम भिजवू नका.

कोरडे बदामही उष्णतेने खवट होतात. मधोमध फोडून पाहा: आतला गर पांढरा असायला हवा. पिवळट, तेलकट आणि जुन्या तेलाचा वास असेल तर ते खवट आहेत, भिजवून वास जात नाही. म्हणून महिन्यापुरतेच घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

गुरबंदी बदामांत अधूनमधून एखादा कडूजहर निघतो. तो थुंकून टाका, गिळू नका. कडू बदामातून पोटात सायनाइड तयार होतं, आणि भिजवणं हा त्यावर भरवशाचा उपाय नाही. एखाद-दुसरा निघणं गुरबंदीत चालायचंच, पण पाकिटात बरेच कडू लागले तर उरलेलं पाकीट तसंच घेऊन या. बिल हरवलं असलं तरी बदलून देऊ.