रात्रपाळीचा डबा दोन भागांत का येतो?

गेल्या महिन्यापासून रात्रपाळीच्या ग्राहकांना आमच्याकडून एकाच्या जागी दोन डबे मिळतायत. संध्याकाळचा मोठा आणि रात्री सोबत न्यायचा लहानसा. त्यावर पहिली तक्रार आली ती अशी: "भाऊ, रात्रीच्या डब्यात पोळीच नाही, पैसे मात्र तेवढेच?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक. दोन्ही डबे मिळून वजन पूर्वीच्या एका डब्याइतकंच भरतं. तराजू काउंटरवर ठेवलेला असतो, शंका आली तर मोजून घ्या. बदललाय तो फक्त कुठला घास कुठल्या वेळी जातो, एवढा हिशेब.

भुसावळ-जळगाव पट्ट्यात आमचे बरेच ग्राहक ११ ते ७ च्या पाळीत असतात आणि त्यातले निम्मे तरी व्यायामशाळेत जाणारे. पूर्वी आम्ही रात्री दोनच्या सुट्टीसाठी चार पोळ्या, भाजी, वरण-भात असा भरगच्च डबा द्यायचो. तो चुकत होता, आणि चूक आमची होती. दिवसाच्या जेवणाचा डबा आम्ही जसाच्या तसा रात्री दोनला नेऊन ठेवला होता.

पोट रात्रपाळी करत नाही. तुम्ही जागे असलात तरी आतलं घड्याळ बाहेरच्या उजेड-अंधारावर चालतं. रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं, आणि ते चढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतं. म्हणून तीच चार पोळ्यांची साखर दुपारी एकला जेवढी वेळ रक्तात राहते, त्याहून रात्री दोनला जास्त वेळ राहते. जठरही रात्री मंद रिकामं होतं. त्यात पहाटे तीन ते पाच ही शरीराचं तापमान सगळ्यात खाली जाण्याची वेळ, तेव्हा झोप अनावर होतेच. जड जेवण त्याच्या तासभर आधी गेलं, तर मशीनसमोर मान पडायला वेगळं कारण लागत नाही.

२०२१ साली बोस्टनच्या संशोधकांनी १९ निरोगी लोकांना प्रयोगशाळेत ठेवून खोटी रात्रपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. माणसं थोडी आणि दिवसही थोडे होते, पण दिशा कळते. मात्र रात्रभर काहीच खाऊ नका, असं आम्ही सांगणार नाही. प्रयोगशाळेतल्या खोलीत बसणं वेगळं आणि पाइपच्या कारखान्यात पोती उचलणं वेगळं.

आता एका ग्राहकाचा हिशेब बघू. वय ३१, वजन ७२ किलो, उंची पाच फूट सात इंच. सहा दिवस काम, चार दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम. त्यांच्याकडून आम्ही तीन दिवसांचं खाणं डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. संध्याकाळी सातला चहा-पोहे, साधारण ३०० कॅलरी. रात्री दोनला आमचा डबा, १०००. सकाळी सुटल्यावर दोन कचोऱ्या, ४००. दुपारी उठल्यावर उरलंसुरलं ५००. आणि ज्याचा हिशेब कुणीच धरत नाही तो रात्रभरातला चार कप चहा: दूध-साखर मिळून एक कप ६० ते ६५, म्हणजे आणखी २५०. एकूण सुमारे २४५०. वजन टिकवायला त्यांना साधारण २४०० लागतात. म्हणजे खाणं जास्त होतच नव्हतं. पण निम्म्याहून अधिक कॅलरी रात्री दोन ते सकाळी आठ या सहा तासांत जात होत्या. जळजळ, साडेतीनला डुलकी आणि सकाळी कचोऱ्या खाऊन झोपायचा प्रयत्न, या तिन्हींचं मूळ तिथे होतं.

आम्ही त्यांचा दिवस घड्याळाऐवजी उठण्यापासून मोजला. ते साडेआठला झोपतात आणि अडीचला उठतात. तीन वाजता त्यांची न्याहारी: तीन अंड्यांची भुर्जी, दोन पोळ्या, वाटीभर दही. ५५०. पाच वाजता एक केळं आणि चहा, १५०. केळं आपल्याकडे मिळायला काय अडचण, रावेर-यावल शेजारीच आहे. पावणेसहा ते पावणेसात व्यायाम. साडेसातला मोठा डबा: दोन कळण्याच्या भाकरी, मोठी वाटी डाळ, भरीत, सोयावडीची सुकी भाजी, अर्धी वाटी भात आणि ताक. इथे साधारण ९५० जातात, कारण व्यायाम नुकताच झालेला असतो आणि ड्युटीला अजून साडेतीन तास असतात. हेच त्यांचं खरं जेवण.

रात्री साडेबाराला लहान डबा: मूठभर फुटाणे, दोन उकडलेली अंडी, ताकाची बाटली. ३००, त्यात २० ग्रॅम प्रथिनं. सकाळी पावणेआठला मुगाची दोन धिरडी आणि ग्लासभर दूध, ४००. बेरीज २३५०, प्रथिनं १०५ ग्रॅमच्या आसपास. वजनं उचलणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅम पुरेसं चालतं. पाळी सुरू होण्याआधीच दिवसाच्या ७० टक्के कॅलरी पोटात गेलेल्या असतात.

धिरडी-दुधाबद्दल नेहमी विचारतात, की झोपायच्या आधी खायचं कशाला. रिकाम्या पोटी झोपलं की अकरा-साडेअकराला भुकेने जाग येते आणि वैशाखात त्या वेळी पुन्हा झोप लागणं कठीण. कूलर असला तरी. तेलकट खाल्लं तर आडवं होताच आंबट वर येतं. म्हणून हलकं, प्रथिनांचं, आणि खाल्ल्यावर पाऊण तासाने आडवं व्हायचं.

लहान डबा एक वाजायच्या आत संपवा, यावर आम्ही अडून बसतो. सुट्टी दोनलाच मिळत असेल तर साडेबाराला फुटाणे खिशातून खाता येतात, अंडी सुट्टीत. अंडी आम्ही सोलून देत नाही याचंही कारण आहे: उन्हाळ्यात सोललेलं अंडं चार तासांत वास मारतं, कवचातलं टिकतं. दहीभात याच कारणाने रात्रीच्या डब्यातून काढला. चहाचा शेवटचा कप अडीचच्या आत. चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात, आणि साडेपाचचा कप साडेआठच्या झोपेत हात घालतो.

पहिल्या आठवड्यात पहाटे चारला भूक लागते. या ग्राहकालाही लागली. दोन प्रकार ओळखा. पोटात खड्डा पडून हात थरथरत असतील तर साडेसातचा डबा कमी पडतोय, तिथे एक भाकरी वाढवून घ्या. नुसतं तोंड चाळवायला हवं असेल तर ती झोप आहे, पाणी प्या आणि पाच मिनिटं उजेडात चाला. आठवडाभरात हे बसतं. त्यांची जळजळ दहाव्या दिवशी थांबली आणि झोप चारवरून साडेपाच तासांवर आली. वजन तेवढंच राहिलं. ते कमी करायचं नव्हतंच.

ज्यांना व्यायाम सकाळी सुटल्यावरच जमतो, त्यांचं गणित थोडं वेगळं आणि खरं सांगायचं तर तोट्याचं. जोराचा व्यायाम शरीर तापवून जागं करतो, मग झोप दहावर जाते आणि तोवर एप्रिलचं ऊन पत्र्यावर आलेलं असतं. तरी तोच वेळ असेल तर साडेसहाला एक केळं खा, व्यायाम चाळीस मिनिटांत उरका, पायांचा जड दिवस सुट्टीला ठेवा. मग सकाळचा घास ४०० ऐवजी ६०० चा होतो आणि ते २०० साडेसातच्या मोठ्या डब्यातून वजा होतात. रात्रीच्या लहान डब्यातून नाही, तो तसाच राहतो.

पाळी आठवड्याने फिरते तेव्हा सगळा गोंधळ होतो. त्यासाठी आम्ही एक खुंटी ठोकलीय: संध्याकाळी साडेसातचं जेवण कुठल्याही पाळीत हलवायचं नाही. ७ ते ३ ची पाळी असेल तरी साडेसातला जेवण, फक्त एक भाकरी कमी, कारण दहाला झोपायचं असतं. ३ ते ११ ची असेल तर तोच डबा कामावर, आणि त्या आठवड्यात व्यायाम सकाळी. बाकीचे घास या एका घासाभोवती सरकतात. रात्रपाळीचा आठवडा संपतो त्या सकाळी सहा तास झोपू नका. साडेआठ ते साडेअकरा झोपा, दुपारी साडेबाराला बेताचं जेवा, संध्याकाळी हलकं फिरा, साडेसातला नेहमीसारखं जेवा आणि दहाला पडा. त्या दिवशी वजनं उचलू नका. तीन तासांच्या झोपेवर पाठ धरते, ते आम्ही पाहिलंय.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा डबा सुरू करण्याआधी डॉक्टरांना वेळापत्रक दाखवा. जेवणाची वेळ सरकली आणि गोळीची नाही, तर साखर अचानक खाली येऊ शकते. गरोदर ताईंसाठी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांसाठी प्रमाण वेगळं लागतं, त्यांना हा ठराविक डबा आम्ही देत नाही. उपवास आणि रोजाच्या दिवसांत आधी सांगा, त्याची मांडणी वेगळी करून देऊ.

वर दिलेले आकडे ७२ किलोच्या माणसाचे आहेत. तुमचं वजन ६० असेल तर मोठ्या डब्यातली एक भाकरी आणि भात कमी होईल. ८५ असेल तर न्याहारीला एक पोळी आणि साडेसातला एक भाकरी वाढेल. रात्रीचा लहान डबा मात्र दोघांचाही ३०० चाच राहतो. पुढच्या आठवड्याची पाळी रविवारी दुपारी चारपर्यंत झाकणावरच्या चिठ्ठीवर लिहा. सोमवारच्या भाकऱ्यांचं पीठ आम्ही त्यावरूनच मळतो.