किशोरवयीन आईची उंची गरोदरपणात थांबते का?

पदर आला म्हणजे मुलीची वाढ संपली, असं घरोघरी धरून चालतात. प्रत्यक्षात पहिल्या पाळीनंतरही मुलगी साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढते, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. म्हणून कोवळ्या वयात आई झालेल्या मुलीच्या उंचीचा विचार करताना वयापेक्षा पाळी सुरू होऊन किती काळ झाला हे पाहावं लागतं. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला चौदाव्या वर्षी दिवस गेले, तर तिची पाळीनंतरची निम्मी-अर्धी वाढ अजून शिल्लक असू शकते. अठराव्या वर्षी गेले, तर बहुतेक काहीच नाही. कुपोषित मुलींची पाळी उशिरा येते आणि वाढही रेंगाळत चालते, त्यामुळे गरोदरपणाने उंची खुंटण्याचा धोका त्यांच्या बाबतीत जास्त काळ राहतो.

गरोदरपणात मुलगी वाढते आहे का, हे भिंतीला उभं करून कळत नाही. पोट पुढे आलं की कमरेचा बाक वाढतो, मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि मोजमाप उलट कमीच भरतं. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या कॅमडेन शहरात थेरेसा शोल आणि मेरी हेडिगर यांनी यावर साधा उपाय काढला. मुलीला खुर्चीत बसवायचं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी एका अतिशय बारीक मोजणाऱ्या उपकरणाने घ्यायची. नडगी वाकत नाही, दबत नाही. त्यातून दिसलं की जवळपास निम्म्या किशोरवयीन माता गरोदरपणातही वाढत होत्या. मात्र वजन चांगलं वाढूनही त्यांची बाळं वाढ थांबलेल्या मातांच्या बाळांपेक्षा सुमारे दीडशे ग्रॅमने हलकी जन्मली. आईचं वाढतं शरीर पोटातल्या बाळाच्या वाट्याचं अन्न ओढत असावं.

बांगलादेशाच्या ग्रामीण भागातलं चित्र वेगळं निघालं. तिथल्या १२ ते १९ वर्षांच्या मुलींची उंची गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी घेतली, म्हणजे कमरेच्या बाकाची अडचण उरली नाही. तेवढ्याच काळात गरोदर न झालेल्या मुली वर्षाला सरासरी सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढल्या. आई झालेल्यांची वाढ थांबली होती आणि अंगावरचं मांसही उतरलं होतं. साडेतीन मिलिमीटर हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्या सरासरीत वाढ आधीच संपलेल्या मोठ्या मुलीही धरलेल्या आहेत. नुकतीच पाळी आलेल्या मुलीचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

असं होण्याची दोन कारणं संभवतात. एक म्हणजे अन्नाची ओढाताण: गरोदरपण आणि मग स्तनपान, दोन्ही अपुऱ्या आहारावर. दुसरं इस्ट्रोजेन. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या हाच संप्रेरक बंद करतो, आणि गरोदरपणात त्याचं प्रमाण अनेक पटींनी चढतं. एकदा पट्टी हाड बनली की नंतर कितीही सकस खाल्लं तरी तिथून उंची वाढत नाही.

नुसती ठेंगणी आई पाहून मात्र निष्कर्ष काढता येत नाही. गरीब घरातली मुलगी अनेकदा मुळातच कमी उंचीची असते, आणि तिचंच लग्न लवकर होतं. त्यामुळे एकाच मुलीची आधीची आणि नंतरची उंची हातात असेल, तरच गरोदरपणाचा वाटा वेगळा काढता येतो.