ब्रिटनमधलं युद्धकाळातलं रेशन: ताटातलं आणि अंगावरचं

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये रेशन होतं म्हटलं की मोजून मिळणारं लोणी-साखर आठवते. कपड्यांचंही रेशन होतं, आणि ते त्याच योजनेचा पुढचा भाग समजलं जातं. प्रत्यक्षात दोन्हींतून वाचवायचं होतं ते वेगळं.

अन्नाचं रेशन ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं. माणशी आठवड्याला लोणी आणि बेकन प्रत्येकी ४ औंस (सुमारे ११३ ग्रॅम), साखर १२ औंस. ब्रिटनचं बरंचसं अन्न समुद्रापलीकडून येई आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. तेव्हा इथे वाचवायची होती ती जहाजातली जागा. गिऱ्हाईक एका ठरलेल्या दुकानात नाव नोंदवी आणि नोंदलेल्या नावांच्या हिशेबाने दुकानदाराला माल मिळे. आपल्याकडच्या पूर्वीच्या रेशन दुकानासारखंच.

कपड्यांचं रेशन १ जून १९४१ ला आलं, ते मात्र मुख्यतः कारखान्यांसाठी. लोकांनी कपडे कमी घेतले तर गिरण्यांतले कामगार आणि शेड दारूगोळा, विमानं यांच्या कामाला लावता येतील, हा हिशेब. त्याच वर्षी सरकारने कमी गरजेच्या मालाचं उत्पादन मोजक्या कारखान्यांत एकवटायला लावलं आणि बाकीच्यांची माणसं-जागा मोकळी केली. म्हणजे न घेतलेला शर्ट हा कुणाचे तरी कामाचे तास होते.

इथे दुकान ठरलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, हवी तिथे वापरा. पुरुषाचा लोकरी कोट १३, पँट ८, वेस्टकोट ५, म्हणजे एका सुटातच २६ गेली. बूट ७, ओव्हरकोट १६. उरली १७, त्यात शर्ट, मोजे, आतले कपडे भागवायचे. दुकानदाराला नवा माल भरायचा तर घेतलेली कुपनं घाऊक व्यापाऱ्याकडे द्यावी लागत आणि तिथून ती उत्पादकापर्यंत जात. गल्ल्यात पैसे असूनही कुपनं नसतील तर दुकान रिकामं. ही साखळी मला फार हुशारीची वाटते.

एक खोट मात्र राहिली. कुपन म्हणजे पैसे नव्हेत. भारी कोट आणि हलका कोट, दोन्हींना कुपनं सारखीच. हलका लवकर फाटे, म्हणून गरिबाची कुपनं आधी संपत. त्यावर उपाय म्हणून ‘युटिलिटी’ कपडे आले: दर्जा ठरवून दिलेले, किमतीवर नियंत्रण असलेले, ‘सीसी ४१’ छापाचे.

सगळं निमूटपणे चाललं असं नाही. १९४२ मध्ये कापड वाचवायला पँटच्या पायाची दुमड बंद केली, तर पुरुष मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडू लागले. कापड वाचलं नाहीच, वर नाराजी. १९४४ मध्ये ती बंदी उठवावी लागली.